मूळ कागद, त्याचा अनुवाद आणि परतीची वाट

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत ही नमाज, रोजा किंवा हज यांविषयी नाही. सूरह अल्-बकराची २८२ वी आयत उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. व्यवहार ठरावीक मुदतीचा असेल तर तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि त्यात काही कमी करू नये, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. फुकहांनी या आयतीवर विस्ताराने लिहिले आहे. आपल्या भागात मात्र तिच्याशी जोडलेला आणखी एक प्रश्न रोज उभा राहतो. कागद एका भाषेत लिहिला गेला आणि त्यावर निर्णय देणारा माणूस दुसरीच भाषा वाचतो, तेव्हा 'काही कमी करू नये' ही अट कशी पाळावी?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक मुस्लिम घरांत हे चित्र सारखेच आहे. आजोबांच्या पेटीत उर्दू निकाहनामा, हिबानामा किंवा कुर्सीनामा असतो. नातू मराठी शाळेत शिकलेला असतो. आणि तलाठी कार्यालयापासून न्यायालयापर्यंतचे कामकाज मराठीत चालते. हा प्रश्न नवाही नाही. आदिलशाही अमलातील कित्येक कागदांवर फारसी मजकुराबरोबरच मोडी लिपीतील मराठी मजकूर आढळतो. दोन्ही मजकूर एकाच कागदावर असल्याने शंका आली की जाणकाराला तिथल्या तिथे ताडून पाहता येत असे. आज आपण मूळ कागद पेटीत परत ठेवतो आणि अनुवाद एकटाच पुढे पाठवतो. त्यामुळे ताडून पाहण्याची सोय मुद्दाम करावी लागते.

ही सोय म्हणजे उलट अनुवाद. उर्दूतून मराठीत आणलेला मजकूर एका दुसऱ्या जाणकाराकडे द्यावयाचा. त्याने मूळ कागद पाहिलेला नसावा आणि प्रकरणही त्याला सांगितलेले नसावे. त्याने केवळ मराठी वाचून ती पुन्हा उर्दूत आणावयाची. मग मूळ उर्दू आणि परत आलेली उर्दू शेजारी ठेवून तिसऱ्याने फरक शोधावयाचे. औषधांच्या चाचण्यांत रुग्णाकडून जे संमतिपत्र घेतले जाते, ते मराठीत आणताना ही रीत अनेक ठिकाणी पाळली जाते, कारण तेथे एका शब्दाच्या चुकीने माणूस भलत्याच गोष्टीला होकार देऊन बसतो. निकाहनामा आणि वारसाचा कागद हेही त्याच जातीचे दस्तऐवज आहेत.

या परतीच्या अनुवादकाला दोन सूचना आधीच द्याव्या लागतात. पहिली, भाषा सजवू नये. वाक्य ओबडधोबड वाटले तर ओबडधोबडच ठेवावे. दुसरी, जेथे अर्थ लागत नाही तेथे अंदाजाने पूर्ण न करता प्रश्नचिन्ह करावे. चांगला भाषाभ्यासक या सूचना विसरतो आणि मोडके वाक्य नकळत सरळ करून देतो. मग ते मोडलेले होते, हे कोणालाच कळत नाही.

आता एक प्रकरण सविस्तर पाहू. त्यातील चूक माझीच आहे, म्हणून ते सांगण्यास संकोच नाही.

कराड तालुक्यातील एका गावी १९९८ मध्ये निकाह झालेली एक स्त्री पतीच्या निधनानंतर मिरजेला माहेरी आली. अपत्य नव्हते. पतीचे आई-वडील व आजोबा हयात नव्हते, बहीणही नव्हती. तिच्याकडे दोन उर्दू कागद होते. एक निकाहनामा, दुसरा पतीच्या हातचा कुर्सीनामा. दोन्हींचा मराठी अनुवाद हवा होता. मी तो केला, टंकलेखकाकडून छापून घेतला आणि माझ्या दृष्टीने काम संपले. केवळ खात्रीसाठी मिरजेतील उर्दू शाळेच्या एका निवृत्त शिक्षकांना मराठी प्रत दिली. दोन दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला.

"मौलाना, महरच्या ओळीत ऐन लिहू की हमजा? तुमच्या मराठीवरून ते कळत नाही. आणि निम्मी रक्कम मुअज्जल, असं तुम्ही लिहिलंय. मग उरलेली निम्मी गेली कुठे?"

मूळ निकाहनाम्यात महर एक्कावन्न हजार रुपये होता. त्यापैकी निम्मा मुअज्जल, ऐनने लिहिलेला. आणि निम्मा मुअज्जल, हमजाने लिहिलेला. उर्दू लिपीत हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. ऐनचा शब्द 'उजलत'च्या कुळातला आहे, म्हणजे घाई. तो महर पत्नीने मागताच द्यावा लागतो. हमजाचा शब्द 'अजल'च्या कुळातला आहे, म्हणजे नेमलेली मुदत. सूरह अल्-बकराच्या त्या आयतीत कर्जाच्या मुदतीसाठी हाच शब्द आला आहे. तो महर ठरलेल्या मुदतीला, आणि मुदत ठरलेली नसेल तर रूढीप्रमाणे तलाक अथवा मृत्यू झाल्यावर देय होतो. अरबी भाषक कानाने हा भेद ओळखतो. आपण दक्षिणेकडील लोक ऐन आणि हमजा एकसारखेच उच्चारतो, आणि देवनागरीत तर दोन्हींचे अक्षर एकच होते. मी लिहिले होते: निम्मी रक्कम मुअज्जल, निम्मी रक्कम मुअज्जल. टंकलेखकाने ती पुनरुक्ती समजून एक भाग गाळला. त्याला दोष कसा द्यावा? दोन शब्दांतील भेद माझ्याच लेखणीत पुसला गेला होता. जे उरले होते ते खरोखरच पुनरुक्तीसारखे दिसत होते.

मराठीत महर एक्कावन्न हजार, निम्मा मुअज्जल, एवढेच राहिले आणि पंचवीस हजार पाचशे रुपयांचे स्वरूप कागदावरून नाहीसे झाले. ही चूक मी माझा अनुवाद दहा वेळा वाचूनही सापडली नसती. मला मूळ ठाऊक होते, त्यामुळे प्रत्येक वेळी मला कागदावर नसलेलेही दिसत होते.

या ठिकाणी दुरुस्ती करताना आणखी एक सापळा असतो. ऐनच्या मुअज्जलसाठी अनेक जण 'रोख महर' किंवा 'तात्काळ महर' लिहितात. हे वाचून मराठी वाचक समजतो की ती रक्कम निकाहच्या वेळीच दिली गेली. पण देय असणे आणि दिलेले असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रक्कम अदा झाली, असे मूळ कागदात कोठेही नव्हते. म्हणून आम्ही 'मागणी करताच देय' आणि 'मुदतीने देय' असे लिहिले. महर हे पतीवरील कर्ज असते आणि वारसांत वाटणी होण्यापूर्वी ते इस्टेटीतून फेडावे लागते. येथे एका शब्दाचा अर्थ 'दिलेले' असा झाला असता, तर विधवेचे कर्ज कागदोपत्री फिटलेच असते.

फरक शोधण्याचे काम साताऱ्यातील एका आलिम मित्राने केले, कारण पहिला अनुवादक मीच होतो आणि स्वतःचा पक्ष घेण्याचा मोह मला झाला असता. त्याने मोठ्या कागदावर तीन रकाने आखले: मूळ उर्दू, माझी मराठी, परतलेली उर्दू. एकूण सोळा ठिकाणी खुणा झाल्या. सोळा हा आकडा ऐकून मला घाम फुटला. पण त्यांतील अकरा खुणांना काहीच अर्थ नव्हता. मूळ 'साकिन', मराठीत 'राहणार', परत येताना 'रहनेवाला'. मूळ 'जौजा', मराठीत 'पत्नी', परत येताना 'बीवी'. शब्द बदलले, पण माणूस तोच आणि नातेही तेच. एके ठिकाणी 'बिरादर-ए-खुर्द'चे, म्हणजे धाकट्या भावाचे, माझ्या हातून नुसते 'भाऊ' झाले होते आणि परत येताना 'भाई' आले. हा खराखुरा ऱ्हास आहे, वय हरवले. तरी फराइजमध्ये थोरल्या-धाकट्याचा हिस्सा सारखाच असल्याने त्यावाचून काही अडत नव्हते. आम्ही 'धाकटा' घातले आणि पुढे गेलो.

म्हणून फरक दिसला की लगेच अनुवाद चुकला, असे समजू नये. आधी तो कोठे निर्माण झाला, हे शोधावे: जाताना, येताना, की मूळ कागदातच धूसरपणा होता? त्यानंतर त्याने कोणाचा हक्क, हिस्सा, मुदत किंवा जबाबदारी बदलते का, हे पाहावे. या दोन प्रश्नांचा क्रम उलटवू नये, कारण हक्काचा विषय आला की माणूस आधीच बाजू घेऊन बसतो आणि मग फरकाचे मूळ त्याला हवे तेथेच सापडते.

मूळ कागदातील धूसरपणाचे उदाहरण याच निकाहनाम्यात होते. महरच्या रकमेखाली मूळात 'दो तोला' एवढेच होते. मी 'दोन तोळे सोने' लिहिले आणि परत आले 'दो तोला सोना'. तिसऱ्या रकान्यातला 'सोना' हा शब्द पहिल्या रकान्यात नव्हताच. महरमध्ये तोळे म्हटल्यावर सोने असणार, असे मी गृहीत धरले होते. कदाचित ते खरेही असेल. काजीसाहेबांना आणि साक्षीदारांना ते इतके उघड वाटले असेल की त्यांनी लिहिलेच नाही. परंतु ते सिद्ध करणे साक्षीदारांचे काम आहे, अनुवादकाचे नव्हे. अनुवादकाने धूसर मूळाला स्पष्ट केले तर तो साक्षीदार बनतो, आणि तोही निकाहला हजर नसलेला साक्षीदार. आम्ही 'सोने' काढून टाकले आणि तळटीप दिली की मूळात धातूचा उल्लेख नाही. त्या स्त्रीला हे आवडले नाही. "सोनंच होतं, मौलाना, माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं," असे ती म्हणाली. मी तिला सांगितले, "खालाजान, हे तुम्ही तिथे सांगा, आणि त्या वेळचे साक्षीदार हयात असतील त्यांनाही सांगायला लावा. मी कागदात घातलं आणि समोरच्याने मूळ दाखवलं, तर उरलेल्या सगळ्या ओळींवरचा विश्वास जाईल."

सर्वांत गंभीर फरक मात्र कुर्सीनाम्यात निघाला. पतीच्या एका भावापुढे मूळात 'अख्याफी' असे होते. मी 'सावत्र भाऊ' लिहिले; परत आले 'सौतेला भाई'. फराइज शिकलेला कोणीही येथे थबकेल. एकच आई आणि भिन्न वडील असलेला भाऊ अख्याफी. एकच वडील आणि भिन्न आई असलेला तो अल्लाती. आणि वडिलांनी केलेल्या दुसऱ्या पत्नीला तिच्या पहिल्या पतीपासून झालेला मुलगा रक्ताने कोणीच नाही. मराठीत या तिघांनाही सावत्र भाऊ म्हणतात.

हिशेब मांडून पाहू. महर आणि इतर देणी फेडून बारा लाख रुपये उरले, असे धरू. वारसांत विधवा, हा भाऊ आणि पतीचा सख्खा चुलत भाऊ. अपत्य नसल्याने विधवेला चौथा हिस्सा, म्हणजे तीन लाख. ते कोणत्याही अर्थाने बदलत नाहीत. भाऊ अख्याफी असेल तर त्याला सहावा हिस्सा, म्हणजे दोन लाख, आणि उरलेले सात लाख चुलत भावाला. तोच अल्लाती ठरला तर बाकीचे सगळे नऊ लाख त्याचे, आणि चुलत भावाला काही नाही. रक्ताचे नाते नाहीच असे ठरले तर तो रिकाम्या हाताने जाईल आणि नऊ लाख चुलत भावाला मिळतील. सावत्र या एका शब्दाखाली शून्य, दोन लाख आणि नऊ लाख असे तिन्ही निकाल दडले होते. अनुवादात आम्ही 'एकाच मातेचा, भिन्न पित्याचा भाऊ' असे लिहिले आणि पुढे मूळ शब्द 'अख्याफी' ठेवला. वाक्य लांबले, मराठीला येथे एकच शब्द नाही, तर पाच शब्द खर्च करण्यात कंजुषी कशाला?

येताना झालेली चूक दोनदा दिसली, त्यांतील एकीने मला चांगलाच धडा दिला. मूळात वधू 'बालिग' होती, मी 'सज्ञान' लिहिले, आणि मास्तरसाहेबांनी परत देताना 'समझदार' केले. आम्ही हसलो आणि ती चूक त्यांच्या खाती मांडली, कारण कायद्याच्या मराठीत सज्ञान म्हणजे शहाणी नव्हे. मग मित्राने विचारले, "पण बालिग म्हणजे तरी सज्ञान का?" शरीअतमध्ये बालिग म्हणजे वयात आलेली, कायद्यातील सज्ञान म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेली. त्या कागदात वधूचे वय बावीस नोंदले होते, म्हणून दोन्ही अर्थ खरे ठरत होते. वय नोंदलेले नसते तर माझ्या शब्दाने मूळात नसलेली माहिती कागदात घुसली असती. परतीच्या अनुवादकाच्या चुकीवरूनही मूळ शब्दाकडे पुन्हा पाहावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता या पद्धतीची मर्यादा. फरक न दिसणे म्हणजे अनुवाद बरोबर, असे मुळीच नाही. निकाहनाम्यात वधूच्या वतीने तिची संमती घेऊन येणाऱ्याला वकील म्हणतात. मूळात 'वकील', माझ्या मराठीत 'वकील', परत येताना 'वकील'. तिन्ही रकाने तंतोतंत जुळले. मित्राने शेजारच्या एका मराठी पदवीधर तरुणाला ती ओळ वाचून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावली. तो म्हणाला, "लग्नाला मुलीकडून कोर्टातला वकील आला होता, असं दिसतंय." आम्ही तिघेही उर्दू जाणणारे, म्हणून आमच्यापैकी कोणालाच तो शब्द खटकला नव्हता. तोळ्याचेही तसेच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजच्या सराफाचा दहा ग्रॅमचा. शब्द दोन्ही भाषांत एकच असल्याने परतीच्या वाटेवर हा भेद कधीच उघडा पडत नाही.

या पद्धतीवर रिचर्ड ब्रिस्लिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. ग्वाम विद्यापीठातील दहा भाषांच्या द्विभाषकांकडून त्याने अनुवाद आणि उलट अनुवाद करवून घेतले होते. त्याने हीच सावधगिरी सांगितली आहे. दोन्ही अनुवादक एकाच ठरावीक सवयीने शब्द बदलत असतील, किंवा परतीचा अनुवादक सदोष मजकुरातूनही अर्थ काढण्याइतका हुशार असेल, किंवा पहिल्याने मूळ भाषेची वाक्यरचनाच जशीच्या तशी ठेवली असेल, तर परत आलेला मजकूर मूळाशी जुळेल आणि मधला मजकूर तरीही वाईट असेल. आपल्या मदरशांतील मराठी या तिसऱ्या दोषाने फार ग्रस्त आहे. उर्दू वाक्याला मराठी क्रियापद जोडले की आपल्याला अनुवाद झाल्यासारखे वाटते. म्हणून उलट अनुवादानंतर उर्दूचा गंध नसलेल्या एका मराठी वाचकाकडून मजकूर समजून घेणे आवश्यक आहे. 'समजले का?' असे त्याला विचारू नये, तो हो म्हणेल. 'काय समजले ते सांगा' असे म्हणावे.

एवढी माणसे गुंतवावीत का, असा प्रश्न येईल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी परभाषेतील पत्रव्यवहारासाठी दुसऱ्यांवर विसंबून न राहता हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना ती लिपी शिकावयास सांगितली, आणि त्यांनी ती सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली, हे हदीसमध्ये आले आहे. काजीसमोर एक दुभाषा पुरेसा की दोन हवेत, यावर इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या संग्रहात स्वतंत्र प्रकरणच केले आहे. हनफी फिकहमध्ये इमाम अबू हनीफा आणि इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या मते एक विश्वासू दुभाषा चालतो, तर इमाम मुहम्मद (रह.) दोन मागतात, कारण त्यांच्या दृष्टीने दुभाषाचे शब्द ही साक्ष आहे. घरगुती पत्रासाठी मी पहिल्या मतावर चालतो. महर, वारसा, तलाक आणि वक्फ यांच्या कागदांसाठी दुसऱ्या मताकडे माझा कल आहे. मात्र जितकी माणसे वाढतात तितक्या घरांत कागदातील गोष्ट पोहोचते. परतीच्या अनुवादकाला दिलेल्या प्रतीत आम्ही नावे व गावे झाकून त्या जागी क, ख, ग लिहिले होते. त्याला प्रकरण ठाऊक नसावे, ही अटही त्यामुळे आपोआप पाळली गेली.

अंतिम प्रत तयार झाली तेव्हा महरच्या ओळीत 'मागणी करताच देय (मुअज्जल, ऐनने)' आणि 'मुदतीने देय (मुअज्जल, हमजाने)' असे दोन भाग आले, 'वकील'च्या जागी 'वधूचा प्रतिनिधी' आला आणि मूळ कागदाची छायाप्रत अनुवादाला शिवली. टंकलेखकाकडे कागद पाठवताना समासात पेन्सिलीने एक सूचना लिहिली: हे दोन वेगळे शब्द आहेत, पुनरुक्ती नाही, गाळू नये.